तोंडी नको, लेखी द्या

14 जुलै 1958 रोजी कॅनडाचे पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांनी देशाला उद्देशून एक भाषण केले. विषय होता सरकारी कर्जाच्या फेररचनेचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅनडाच्या सरकारने ‘व्हिक्टरी लोन’ या नावाने जनतेकडून मोठी कर्जे उभारली होती. शाळामास्तर, शेतकरी, कारखान्यातले कामगार अशा साऱ्यांनी 3 टक्के व्याजाचे ते रोखे घेतले होते. त्यांतले 6.4 अब्ज डॉलरचे रोखे अजून शिल्लक होते, आणि त्यांची मुदत 1959 ते 1966 या वर्षांत एकामागून एक संपत होती. सरकारचे म्हणणे असे, की जुने रोखे परत करा आणि जास्त व्याजाचे, जास्त मुदतीचे नवे रोखे घ्या. सर्वांत लांब मुदतीचा रोखा 25 वर्षांचा, साडेचार टक्के व्याजाचा होता. कॅनडाच्या इतिहासातला तोवरचा हा सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार होता. लोकांनी तो उचलूनही धरला. सुमारे नव्वद टक्के रोखे बदलून घेतले गेले.

तीन वर्षांनी या व्यवहारातले दोन भागीदार, म्हणजे अर्थमंत्री डोनाल्ड फ्लेमिंग आणि बँक ऑफ कॅनडाचे गव्हर्नर जेम्स कोईन, एकमेकांवर जाहीर आरोप करत होते, आणि गव्हर्नरांची खुर्ची रिकामी झाली आहे असे जाहीर करणारे विधेयक संसदेत मांडले गेले होते.

सरकारचे कर्ज झपाट्याने वाढते तेव्हा तिजोरी आणि मध्यवर्ती बँक यांचे नाते कसे ताणले जाते, हे सांगताना बहुतेक पुस्तके नोटा छापण्यापासून सुरुवात करतात. सरकार म्हणते छापा, बँक म्हणते नाही, असे चित्र रंगवतात. खरे भांडण सहसा त्याआधीच, बरेच कमी आवाजात, आणि कर्जाच्या मुदतीवरून सुरू होते. कॅनडाचा अनुभव त्यासाठीच बघण्यासारखा आहे.

मुदतीचे गणित आधी समजून घेऊ. समजा, तुमच्याकडे 100 डॉलरचा, 25 वर्षांचा, साडेचार टक्क्यांचा रोखा आहे. उद्या बाजारातला दर साडेपाच टक्के झाला, तर तुमचा रोखा विकायला गेल्यावर साधारण 87 डॉलरच मिळतील, कारण पुढची 25 वर्षे दरसाल एक डॉलर कमी मिळणार, याची भरपाई गिऱ्हाईक आजच मागेल. तोच रोखा 3 वर्षांचा असता, तर 97 च्या आसपास किंमत आली असती. म्हणजे दर तेवढाच वाढला, पण लांब मुदतीवाल्याला 13 डॉलरचा फटका बसला आणि छोट्या मुदतीवाल्याला 3 डॉलरचा.

आता हा हिशेब तिजोरी आणि बँक यांना कसा दिसतो ते पाहा. तिजोरीला लांब मुदत हवी असते, कारण मग दरवर्षी बाजारात हात पसरायला जावे लागत नाही. पण सरकारने लांब मुदतीचे रोखे एकदम बाजारात ओतले, की ते खपवायला लांब मुदतीचे दर चढवावे लागतात. घरबांधणी, कारखाने, नगरपालिका हे सारे त्याच लांब मुदतीच्या पैशावर चालतात, त्यामुळे त्यांनाही तो दर महाग पडतो. आणि नंतर बँकेला महागाई रोखायला दर वाढवायची वेळ आली, की तिच्या प्रत्येक पावलाचा फटका त्याच रोखेधारकांना बसतो, ज्यांनी सरकारच्या शब्दावर नुकताच रोखा बदलून घेतलेला असतो.

1958 मध्ये असेच झाले. मार्चमधल्या निवडणुकीत डीफेनबेकर यांना 265 पैकी 208 जागा मिळाल्या होत्या. मंदी होती, बेकारी वाढत होती, आणि सरकारने खर्च वाढवला होता. 1958-59 या वर्षाची तूट 60 कोटी डॉलरच्या वर गेली. त्या काळच्या शांततेतल्या कॅनडाला हा आकडा डोळे विस्फारायला लावणारा होता. तुटीसाठी नवे कर्ज आणि शिवाय जुन्या कर्जाची अदलाबदल, ही दोन्ही कामे एकाच बाजारातून करायची होती. कोईन यांनी फेररचनेला विरोध केला नव्हता, उलट त्यांचा पाठिंबाच होता. ती पार पडावी म्हणून बँकेने त्या उन्हाळ्यात बाजारात रोखे विकत घेऊन पैसा सैल सोडला. काम झाल्यावर मात्र तिने हात आखडता घेतला. 1958 च्या शरद ऋतूपासून पुढे जवळजवळ दीड वर्ष देशातला पैशाचा पुरवठा फारसा वाढलाच नाही. ऑगस्ट 1959 मध्ये तीन महिन्यांच्या सरकारी हुंडीचा दर 6 टक्क्यांच्या वर गेला. वर्षभरापूर्वी 25 वर्षांसाठी साडेचार टक्के घेऊन समाधानी झालेल्या माणसाला तेव्हा काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

या सगळ्यात डॉलरचाही भाग होता. कॅनडाचे चलन 1950 पासून तरते होते, म्हणजे त्याची किंमत बाजार ठरवत असे. तिथले दर अमेरिकेपेक्षा चढे, म्हणून बाहेरून भांडवल आत येई. त्याने कॅनडाचा डॉलर अमेरिकी डॉलरपेक्षाही महाग झाला. मग लाकूड, कागद, गहू, खनिजे यांची निर्यात महाग झाली आणि कारखान्यांतले रोजगार आणखी घटले. तिजोरी तूट करून मागणी वाढवत होती आणि त्याच तुटीमुळे चढलेला दर, महागलेल्या डॉलरच्या वाटेने, ती मागणी काढून घेत होता. मूळच्या कॅनडाच्या रॉबर्ट मंडेल यांनी पुढे ज्या सिद्धांताचा पाया घातला, तो नेमका हाच प्रकार समजावतो. पुस्तकांत त्या सिद्धांताला मंडेल-फ्लेमिंग म्हणतात, पण तो फ्लेमिंग वेगळा. मार्कस फ्लेमिंग हे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ होते. आपल्या गोष्टीतले अर्थमंत्री डोनाल्ड फ्लेमिंग यांचे नाव त्या मॉडेलशी जोडले गेले असते, तर त्यांना ते आवडलेही नसते.

1960 साल उजाडले तेव्हा बेकारी सात टक्क्यांच्या आसपास होती. कोईन गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. देशभर फिरून ते भाषणे करत, आणि त्या भाषणांत पतधोरणापेक्षा दुसरेच विषय जास्त असत: देश आपल्या ऐपतीबाहेर जगतो आहे, परक्या भांडवलावर फार विसंबतो आहे, वगैरे. मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरांनी सरकारच्या आर्थिक धोरणावर असे जाहीरपणे बोलावे काय, हा प्रश्न उभा राहिला. 1960 च्या अखेरीस विद्यापीठांतल्या अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने अर्थमंत्र्यांना पत्र लिहून गव्हर्नर बदलण्याची मागणी केली. अर्थशास्त्राचे प्राध्यापक एवढ्या संख्येने एकाच कागदावर सह्या करतात, हे तसे दुर्मीळच.

या प्रकरणातली खरी गोम मात्र दुसरीकडे होती. संसदेत विरोधक दरांबद्दल विचारत, तेव्हा फ्लेमिंग सांगत की पतधोरण बँकेच्या हाती आहे, त्याची जबाबदारी सरकारची नाही. त्यांच्या आधीच्या लिबरल अर्थमंत्र्यांनीही साधारण हेच उत्तर दिले होते. आणि 1956 पासून बँकेचा दर ठरवण्याची रीत अशी होती, की तीन महिन्यांच्या हुंडीच्या लिलावात जो दर निघेल त्यात पाव टक्का मिळवायचा. त्यामुळे बँकेलाही म्हणता येई की दर आम्ही ठरवत नाही, बाजार ठरवतो. म्हणजे दर वाढला की अर्थमंत्री बँकेकडे बोट दाखवणार आणि बँक बाजाराकडे. बेकार माणसाने जाब विचारायचा कुणाला, याचे उत्तर ओटावात कुणाकडेच नव्हते. माझ्या मते कोईन प्रकरणातली चूक इथे होती, कोईन यांच्या स्वभावात नव्हे. इतिहासाची पुस्तके त्यांच्या हट्टीपणावर जरा जास्तच शाई खर्च करतात.

30 मे 1961 रोजी फ्लेमिंग यांनी कोईन यांच्याकडे राजीनामा मागितला. त्यांची सात वर्षांची मुदत त्याच वर्षी 31 डिसेंबरला संपणार होती, म्हणजे अवघे सात महिने उरले होते. सरकार थांबू शकले असते. पण जूनमध्ये जे अंदाजपत्रक मांडायचे होते, त्यात डॉलर उतरवण्याचा आणि तूट वाढवण्याचा बेत होता, आणि ते या गव्हर्नरसोबत जमणार नाही असे मंत्र्यांना वाटत होते. शिवाय एक जहरी मुद्दाही हाती लागला होता. बँकेच्या संचालक मंडळाने आदल्या वर्षी निवृत्तिवेतनाचे नियम बदलले होते आणि कोईन यांना आता वर्षाला 25,000 डॉलर मिळणार होते. धोरणाचे भांडण पैशाच्या आरोपावर आले, आणि तिथून ते मिटण्याची शक्यताच संपली. कोईन यांनी 13 जूनला सगळे जाहीर केले. संचालक मंडळाने बहुमताने त्यांना जायला सांगितले, तरी ते हलले नाहीत.

त्यांना हलवणे सोपेही नव्हते. कायद्याप्रमाणे गव्हर्नर ‘सद्वर्तन असेतोवर’ पदावर राहतो, मंत्र्यांच्या मर्जीवर नाही. म्हणून सरकारने एककलमी विधेयक आणले, की गव्हर्नरांचे पद रिक्त झाले आहे. कॉमन्स सभागृहातल्या प्रचंड बहुमतावर ते पास झाले, पण कोईन यांना तिथे बाजू मांडू दिली गेली नाही. सेनेटमध्ये मात्र लिबरल पक्षाचे बहुमत होते. तिच्या समितीपुढे कोईन तीन दिवस बोलले. 13 जुलैला समितीने विधेयक फेटाळण्याच्या बाजूने मत दिले, त्यांच्या वर्तनात खोट नाही असे त्यातून स्पष्ट झाले, आणि त्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला. पद सोडायला त्यांची ना नव्हती. डाग घेऊन जायला होती.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला अनोळखी नाही. 1957 च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर बेनेगल रामा राव यांनी राजीनामा दिला, तोही अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याशी झालेल्या खडाजंगीनंतर. हुंड्यांवरचे मुद्रांक शुल्क वाढवून सरकारने बँकेचा दर आडमार्गाने चढवला, असा तो वाद होता, आणि पंडित नेहरूंनी मंत्र्याची बाजू घेतली. रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव देशमुख आधी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि मग देशाचे अर्थमंत्री झाले होते, दोन्ही टेबलांच्या मागे बसलेले. ते मंत्रिमंडळातून गेल्यानंतर सहा महिन्यांच्या आत हे घडले. पण दिल्ली आणि ओटावा यांच्यातला फरक राजीनाम्यानंतर दिसतो.

कोईन यांच्या जागी आले लुई रास्मिन्स्की. त्यांनी खुर्ची घेण्याआधी अट घातली आणि 1 ऑगस्ट 1961 रोजी ती जाहीर केली. तिचा आशय दोन वाक्यांत मावतो. रोजचे पतधोरण ही बँकेची जबाबदारी असेल आणि ती नाकारणार नाही. पण सरकारला ते धोरण गंभीरपणे चुकीचे वाटले, तर सरकारला बँकेला आदेश देण्याचा हक्क आहे, आणि मग तो आदेश मनापासून पाळता येत नसेल तर गव्हर्नरने राजीनामा द्यावा. पुढे एका शाही आयोगाने यावर विचार केला आणि 1967 मध्ये हीच समजूत बँक ऑफ कॅनडा कायद्याच्या कलम 14 मध्ये आली.

या कलमाचा मजकूर काळजीपूर्वक वाचण्यासारखा आहे. अर्थमंत्री आणि गव्हर्नर यांनी नियमित चर्चा करायची, हे पहिले. मतभेद राहिलाच, तर मंत्री गव्हर्नरशी बोलून आणि मंत्रिमंडळाची मान्यता घेऊन लेखी आदेश देऊ शकतो. पण आदेश मोघम चालत नाही. काय करायचे ते नेमके लिहायचे आणि किती काळ करायचे तेही. तो ताबडतोब सरकारी राजपत्रात छापायचा आणि 15 दिवसांत संसदेपुढे ठेवायचा. आपल्याकडे रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम 7 मध्येही गव्हर्नरांशी चर्चा करून सार्वजनिक हितासाठी निर्देश देण्याचा अधिकार केंद्राला आहे, आणि 2018 मध्ये त्यावरूनच एवढी चर्चा झाली. पण तो मुदतीने बांधलेला असावा, लगेच छापला जावा अशी सक्ती त्या कलमात नाही. कॅनडाने मंत्र्याला अधिकार दिला, आणि तो वापरायची किंमत मात्र मोठी करून ठेवली. आजवर एकदाही असा आदेश निघालेला नाही. त्याचा अर्थ मतभेद झालेच नाहीत असा मात्र नाही. मतभेद झाल्यावर मंत्र्याला विचारावे लागते, की हे मी सही करून छापायला तयार आहे का.

ही व्यवस्था खऱ्या अर्थाने कसाला लागली ती 2020 मध्ये. महामारीत सरकारने लोकांच्या खात्यांत थेट पैसे भरले. 2019-20 मध्ये 39.4 अब्ज डॉलर असलेली तूट पुढच्या वर्षी 327.7 अब्ज झाली. मार्च 2020 मध्ये रोखेबाजारच गोठू लागला होता, कारण सगळ्यांना एकाच वेळी रोकड हवी होती. 27 मार्चला बँकेने दर पाव टक्क्यावर आणला आणि दर आठवड्याला किमान 5 अब्ज डॉलरचे सरकारी रोखे बाजारातून घेण्याचे जाहीर केले. वर्षभरात बँकेची मालमत्ता सुमारे 120 अब्जांवरून 575 अब्जांवर गेली. या वेळी दोघांत भांडण नव्हते. सरकारला कर्ज हवे होते, बँकेला दर खाली हवे होते.

पण मुदतीचा जुना प्रश्न इथे एका नव्या रूपात आला. सरकारने ठरवले की दर इतके कमी आहेत तर 10 आणि 30 वर्षांचे रोखे जास्त विकून घ्यावेत, पुढच्या पिढीसाठी स्वस्त दर पक्के करून ठेवावेत. शहाणपणाचा निर्णय होता. त्याच काळात, ऑक्टोबर 2020 मध्ये, बँकेने आपली खरेदी लांब मुदतीच्या रोख्यांकडे वळवली, कारण घरे आणि उद्योग त्याच दरांवर कर्ज घेतात. तोही शहाणपणाचा निर्णय होता. आता दोन्ही एकत्र ठेवून पाहा. बँक रोखा घेते तेव्हा पैसे कुठून देते? व्यापारी बँकांच्या तिच्याकडे असलेल्या खात्यांत ती रक्कम जमा करते, आणि त्या शिलकेवर रोजच्या धोरणदराने व्याज देते. म्हणजे सरकारने 10 वर्षांसाठी ठरावीक दराने घेतलेले कर्ज, बँकेने विकत घेतल्यावर, सरकार आणि बँक मिळून पाहिले तर रोज दर बदलणारे कर्ज होऊन बसले. नवऱ्याने हौसेने स्थिर व्याजाचे गृहकर्ज काढावे आणि बायकोने त्याच दिवशी ते बदलत्या व्याजाचे करून घ्यावे, आणि दोघांनीही आपण घरासाठीच केले म्हणावे, असा प्रकार.

दर खाली होते तोवर हे कुणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. एक टक्का व्याजाचा रोखा, त्यामागे पाव टक्क्याची देणी, त्यामुळे बँकेला नफा होई आणि तो सरकारकडे जाई. मग महागाई आली. जून 2022 मध्ये ती 8.1 टक्के झाली, आणि मार्च 2022 मध्ये सुरू झालेली दरवाढ जुलै 2023 पर्यंत 5 टक्क्यांवर पोहोचली. शंभर डॉलरच्या रोख्यावर बँकेला मिळे एक डॉलर आणि द्यावे लागत पाच. 2022 च्या तिसऱ्या तिमाहीत बँक ऑफ कॅनडाला तिच्या इतिहासातला पहिला तोटा झाला, 52.2 कोटी डॉलरचा. सरकारला दरवर्षी मिळणारी रक्कम थांबली, आणि तोटा भरून निघेपर्यंत नफा बँकेने स्वतःकडे ठेवावा म्हणून कायद्यात दुरुस्ती करावी लागली. रोखे विकताना तोटा झाला तर तो सरकारने सोसायचा, अशी हमी मात्र 2020 मध्येच लिहून घेतलेली होती. या तोट्याने बँक बुडत नाही, आणि 2020 मधली खरेदी चुकीची होती असेही त्यावरून सिद्ध होत नाही. तेव्हा बाजार कोसळला असता तर हानी कितीतरी मोठी होती. मला टीका करावीशी वाटते ती एवढीच, की मार्चमधले संकट सरल्यावर, निदान 2021 मध्ये तरी, दोन्ही कार्यालयांनी आपापल्या कर्जाची मुदत एका कागदावर मांडून देशाला दाखवायला हवी होती.

भांडण आले ते दर चढल्यावर. मे 2022 मध्ये विरोधी पक्षाच्या नेतेपदाचे उमेदवार पिएर पॉलिएव्ह यांनी आपण निवडून आलो तर गव्हर्नर टिफ मॅक्लेम यांना काढू असे म्हटले. कायद्यात तशी सोय नाही, हे 1961 पासून सगळ्यांना माहीत होते. 2023 च्या उन्हाळ्याच्या शेवटी ब्रिटिश कोलंबियाचे डेव्हिड एबी आणि ऑन्टारियोचे डग फोर्ड या दोन प्रांतप्रमुखांनी दर आणखी वाढवू नका अशी पत्रे गव्हर्नरांना लिहिली. सप्टेंबरमध्ये बँकेने दर जैसे थे ठेवला तेव्हा अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलंड यांनी त्या निर्णयाचे स्वागत केले, आणि मंत्र्याने एवढेही बोलावे का यावर टीका झाली. ऑक्टोबरमध्ये मॅक्लेम यांनी खासदारांच्या समितीपुढे उलट बाजू मांडली: केंद्र आणि प्रांत यांचे ठरलेले खर्च सगळे झाले, तर मागणी पुरवठ्यापेक्षा वेगाने वाढेल आणि महागाई उतरवणे अवघड जाईल, दोघांनी एकाच दिशेने वल्हवले तर बरे.

ते कोईनसारखे दौऱ्यावर निघाले नाहीत. विचारले तेव्हा, समितीत, आकड्यांच्या भाषेत बोलले. फ्रीलंड यांनीही आदेश काढला नाही. प्रांतप्रमुखांची पत्रे वर्तमानपत्रांत छापून आली, पण कायद्याने त्यांना काही वजन नव्हते. गव्हर्नरांना बांधील करू शकेल असा कागद फक्त एकाच टेबलावरून निघू शकत होता. त्यावर दर किती, किती महिने, हे लिहावे लागले असते, राजपत्रात छापावे लागले असते, आणि पुढच्या महागाईच्या आकड्याखाली मंत्र्याचे नाव राहिले असते.